शॉर्ट लिंकचा कोड काउंटरने द्यावा की रँडम? सिस्टीम डिझाइन फेरीच्या तयारीसाठी मते हवीत

शहापूरचा विद्यार्थी

मी बेळगावात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुण्यातील एका कंपनीच्या सिस्टीम डिझाइन फेरीत यूआरएल शॉर्टनर विचारतात, असे वरच्या वर्गातील मुलांनी सांगितले आहे. महिन्याला १ कोटी नव्या लिंक, ५ वर्षांची साठवण आणि प्रत्येक लिंक सरासरी १०० वेळा उघडली जाणार, असे धरले तर छोटा कोड कसा तयार करावा? आमच्यातले काही जण हॅशची पहिली ७ अक्षरे घ्या म्हणतात, काही जण काउंटर म्हणतात. कारणांसह मत द्यावे, ही विनंती.

अनगोळकर

माझे मत स्पष्टपणे हॅशच्या बाजूचे आहे. लांब पत्त्याचा एमडी५ काढावा आणि त्याची पहिली ७ अक्षरे कोड म्हणून वापरावीत. यात कोणत्याही सर्व्हरला दुसऱ्या सर्व्हरला काही विचारावे लागत नाही, आणि तोच पत्ता पुन्हा आला तर तोच कोड मिळत असल्यामुळे साठवणही वाचते. ७ अक्षरांत ३.५२ लाख कोटी कोड बसतात. ५ वर्षांत लिंक होणार ६० कोटी, म्हणजे दोन पत्त्यांना एकच कोड मिळण्याची भीती नगण्य आहे.

विद्या, टिळकवाडी

अनगोळकर, ३.५२ लाख कोटी हा आकडा ६२ चिन्हांच्या ७ अक्षरांचा आहे, म्हणजे अंक, लहान लिपी आणि मोठी लिपी मिळून. एमडी५ मात्र सहसा हेक्स रूपात छापला जातो आणि त्यात १६ च चिन्हे असतात. त्याची पहिली ७ अक्षरे घेतली तर एकूण कोड होतात १६ चा सातवा घात, म्हणजे २६ कोटी ८४ लाख. आपल्याला ६० कोटी लिंक ठेवायच्या आहेत, तेव्हा तिसरे वर्ष संपण्यापूर्वीच जागा पुरी होते, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून धडका सुरू होतात. हॅश वापरायचाच असेल तर आधी त्याचे बेस-६२ रूप करावे आणि मग ७ अक्षरे घ्यावीत. मुलाखत घेणारा हा प्रश्न हमखास विचारतो, कारण पाठ केलेले उत्तर आणि स्वतः मांडलेला हिशेब यांतला फरक इथे लगेच दिसतो.

बेस-६२ केल्यावरही धडका पूर्णपणे टळत नाहीत. साधारण २२ लाख लिंक झाल्या की त्यांत कुठेतरी एक धडक झालेली असण्याची शक्यता निम्मी होते, आणि २२ लाख लिंक आपल्याकडे पहिल्या आठवड्यातच होतात. त्यामुळे धडक होणार हे गृहीत धरूनच रचना करावी लागते. एकच पत्ता आला की एकच कोड द्यायचा, हा गुणही मला पटत नाही. दोन दुकानदारांनी एकाच पानाची लिंक केली, तर प्रत्येकाला आपापली उघडण्याची संख्या वेगळी हवी असते.

म्हणून मी काउंटर निवडीन. डेटाबेसमध्ये एक ओळ ठेवावी आणि प्रत्येक सर्व्हरने तिच्यातून एका वेळी १०,००० क्रमांकांचा गठ्ठा उचलून तो स्वतःकडे वाटत राहावे. महिन्याला १ कोटी म्हणजे सेकंदाला जेमतेम ४ नव्या लिंक होतात, त्यामुळे सगळे सर्व्हर मिळून एक गठ्ठा चाळीस मिनिटे पुरतो आणि काउंटरवर भार पडतच नाही. सर्व्हर मध्येच बंद पडला तर उरलेले क्रमांक वाया जातात, पण ३.५२ लाख कोटींपुढे तो तोटा मोजण्याजोगा नाही. क्रमांक १०,००,००० आला की त्याचे बेस-६२ रूप `4c92` होते, पुढच्याचे `4c93`. धडकेचा प्रश्नच उरत नाही.

निपाणीकर

मी इथल्या एका पतसंस्थेचे संगणकाचे काम पाहतो, म्हणून विचारतो. आम्ही सभासदांना हप्त्याची पावती एसएमएसने मराठीतून पाठवतो. देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० च अक्षरे बसतात, आणि त्याहून एक जरी वाढले तरी दोन एसएमएसचे पैसे लागतात. त्यामुळे विद्याताईंचा ४ अक्षरांचा कोड मला फारच सोयीचा वाटतो. अशी तयार सेवा कोणती घ्यावी?

विद्या, टिळकवाडी

निपाणीकर, इथे चर्चा अशी सेवा बांधायची कशी याची चालली आहे, विकत कोणती घ्यायची याची नाही. तरीही एक सांगते. १ ऑक्टोबर २०२४ पासून ट्रायच्या आदेशानुसार एसएमएसमधील लिंक आधी नोंदवून मंजूर करून घ्यावी लागते, त्यामुळे स्वतःच्या डोमेनवरची लिंक असणेच संस्थेच्या सोयीचे आहे.

खानापूरकर

विद्याताईंच्या काउंटरला माझा ठाम विरोध आहे, आणि निपाणीकरांचे उदाहरणच त्याचे कारण आहे. एखाद्या सभासदाला `4c92` या कोडची पावती आली आणि त्याने `4c93` टाकून पाहिले, तर दुसऱ्याच सभासदाची पावती, त्याचे नाव आणि कर्जाची बाकी त्याच्यासमोर उघडेल. २०१६ मध्ये मार्टिन जॉर्जिएव्ह आणि व्हिटाली श्माटिकोव्ह या संशोधकांनी दाखवून दिले होते की छोट्या कोडच्या लिंक एकामागून एक तपासत गेले की लोकांच्या क्लाउडमधील खासगी फायली आणि नकाशावरील त्यांचे प्रवासमार्ग हाती लागतात. तिथे तर कोड क्रमाने दिलेलेही नव्हते, फक्त आखूड होते.

माझ्या मते ७ अक्षरांचा कोड सरळ रँडम काढावा आणि डेटाबेसच्या युनिक इंडेक्सवर विसंबावे. आधी वाचून कोड मोकळा आहे का ते पाहायचे आणि मग लिहायचे, असे करू नये, कारण त्या दोन पायऱ्यांच्या मधल्या क्षणात दुसरा सर्व्हर तोच कोड लिहू शकतो. थेट लिहावे आणि ओळ पडली की नाही ते पाहावे. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये ते असे:

```sql
INSERT INTO links (code, long_url)
VALUES ($1, $2)
ON CONFLICT (code) DO NOTHING;
```

शून्य ओळी पडल्या तर नवा कोड काढून पुन्हा लिहावे. पाचव्या वर्षाच्या शेवटी, ६० कोटी लिंक भरलेल्या असतानाही, दर ५,८७० नव्या लिंकांमागे एकदाच पुन्हा लिहावे लागेल. एवढ्यासाठी काउंटर, गठ्ठे आणि त्यांची देखभाल कशाला हवी?

अनगोळकर

हेक्सचा मुद्दा मला मान्य आहे. पण काउंटरचा क्रमांक एखाद्या मोठ्या विषम संख्येने गुणून ६२ च्या सातव्या घाताने भागल्यावर उरणारी बाकी कोड म्हणून वापरली तर? धडकही होणार नाही आणि पुढचा कोड ओळखताही येणार नाही.

विद्या, टिळकवाडी

अनगोळकर, धडक टळेल हे अर्धे बरोबर आहे, पण ती संख्या विषम असून भागत नाही, तिला ३१ नेही भाग जाता कामा नये, कारण ६२ म्हणजे २ गुणिले ३१. उरलेले अर्धे मात्र टिकत नाही. कोणीही लागोपाठ दोन लिंक तयार करून त्यांच्या कोडची वजाबाकी केली की तुमची गुप्त संख्या त्याच्या हातात येते. क्रम लपवायचाच असेल, तर गुप्त किल्लीवर चालणारी फाइस्टेल पद्धतीची उलटसुलट करावी लागते.

खानापूरकरांची शंका रास्त आहे. पावतीसाठी नुसता काउंटर वापरू नये हे मी मान्य करते. पण त्यांच्याच आकड्याकडे पुन्हा पाहावे. दर ५,८७० नव्या कोडांमागे एक आधीच वापरात सापडतो, याचा दुसरा अर्थ असा की बाहेरून अंदाजाने कोड टाकणाऱ्यालाही ५,८७० प्रयत्नांमागे एक चालू लिंक सापडते. सेकंदाला १०० प्रयत्न केले तर मिनिटाला एक. म्हणजे ७ अक्षरांचा रँडम कोडसुद्धा गुपित नाही. लिंकलाच गुपित मानायचे असेल तर १२ अक्षरे घ्यावीत, तिथे हेच प्रमाण सुमारे ५.४ लाख कोटींमागे एक असे होते. त्याहून चांगले म्हणजे पावतीच्या पानावर सभासदाची ओळख पटवूनच ती उघडावी. म्हणून आवश्यकता ठरवतानाच विचारले पाहिजे की लिंक जाहीर पानांच्या आहेत की खासगी. या एका प्रश्नाच्या उत्तरावर काउंटर की रँडम हे ठरते, आणि बहुतेक उमेदवार तोच विचारत नाहीत.

निपाणीकर

मग आमच्या ७० अक्षरांत १२ अक्षरांचा कोड बसवायचा कसा? मजकूर आधीच ५० च्या घरात आहे, आणि त्यात डोमेनही धरावे लागते.

खानापूरकर

निपाणीकर, मजकूर आखूड करावा लागेल किंवा दुसऱ्या एसएमएसचे पैसे मोजावे लागतील. सभासदाची बाकी उघडी पडण्यापेक्षा ते परवडेल. कोड ७ अक्षरांचाच ठेवून पान उघडताना मोबाइलवर ओटीपी मागणे हाही मार्ग आहे, पण त्यासाठी प्रत्येक वेळी आणखी एक एसएमएस जाईल.

चिक्कोडीची श्रद्धा

कोड कोणत्याही रीतीने काढला तरी साठवणीतली एक गोष्ट इथे सुटते आहे. मायएसक्यूएलमध्ये मजकुराच्या स्तंभाची नेहमीची तुलना लहान आणि मोठी लिपी एकच मानते. त्या स्थितीत `aB3` आणि `Ab3` हे डेटाबेसला एकच कोड वाटतात. चिन्हे अंक, लहान लिपी, मोठी लिपी या क्रमाने असतील तर काउंटर १० वर `a` देतो आणि ३६ वर `A`, म्हणजे पहिली धडक तिथेच होते आणि चूक लगेच लक्षात येते. रँडम कोडमध्ये मात्र ती लपून राहते, कारण पुन्हा लिहिण्याची सोय ती झाकून टाकते. पुन्हा लिहिण्याचे प्रमाण हिशेबापेक्षा कितीतरी पटींनी जास्त दिसले तर आधी हेच तपासावे. कोडच्या स्तंभाला `utf8mb4_bin` ही तुलना द्यावी.

युनिक इंडेक्स काउंटर वापरला तरी लागतोच. ग्राहकाने स्वतः `pune` हा कोड निवडला, तर तीही बेस-६२ मधली एक संख्याच आहे आणि काउंटर कधीतरी तिथे पोहोचू शकतो.

शहापूरचा विद्यार्थी

सर्वांचे आभार. शार्डिंगचा उल्लेख अजून कोणीच केला नाही. तो न सांगितल्यास गुण कमी होतील का?

विद्या, टिळकवाडी

प्रत्येक लिंकला ५०० बाइट धरले तर ६० कोटींचे ३०० जीबी होतात आणि वाचन सेकंदाला सुमारे ४०० पडते. हे एका चांगल्या मशीनवर आणि तिच्या प्रतींवर आरामात चालते. हा हिशेब फळ्यावर मांडून "इथे शार्डिंगची गरज नाही" असे म्हणावे, आणि आकडा शंभरपट झाला तर कोडच्या हॅशवर विभागणी करीन एवढे जोडावे. लक्षात ठेवायचे ते असे की, निकालाच्या दिवशी व्हीटीयूच्या निकालाची एकच लिंक सगळ्या गटांत फिरते, तेव्हा शार्डिंग उपयोगी पडत नाही, कारण तो कोड एकाच शार्डवर असतो. तिथे कॅशच कामाला येतो.

खानापूरकर

आणि रीडायरेक्ट ३०१ ने द्यावा, म्हणजे ब्राउझर उत्तर स्वतःकडे ठेवतो आणि तेच माणूस पुन्हा आल्यास भार सर्व्हरपर्यंत येतच नाही.

चिक्कोडीची श्रद्धा

याला माझा विरोध आहे. ३०१ दिला की पुढच्या उघडण्यांची मोजणी बुडते, आणि पत्ता चुकला किंवा लिंक फसवणुकीची निघाली तर ज्यांच्या ब्राउझरमध्ये ती बसली आहे त्यांच्यापुरती ती मागे घेता येत नाही. सेकंदाला ४०० वाचनांसाठी एवढी किंमत मोजण्याचे कारण मला दिसत नाही. मी ३०२ देईन.

खानापूरकर

मोजणी ही आवश्यकता मूळ प्रश्नात कुठे आहे? आणि ३०१ सोबत `Cache-Control: max-age=3600` पाठवले तर ब्राउझर ते तासाभरच धरून ठेवतो.

चिक्कोडीची श्रद्धा

फसवणुकीच्या लिंकसाठी एक तासही मला जास्त वाटतो. मोजणीचे मात्र मुलाखत घेणाऱ्यालाच विचारावे लागेल.