पदार्थ कमी आले, पैसे पूर्ण कापले: परतावा वॉलेटमध्ये घेतलात की मूळ खात्यात?

मागवलेल्या तीन पदार्थांपैकी एक आलाच नाही, पैसे मात्र पूर्ण कापले गेले. तक्रार केल्यावर अ‍ॅपने दोन पर्याय दिले. ‘लगेच वॉलेटमध्ये’ हे ठळक बटण, आणि त्याखाली बारीक अक्षरात ‘मूळ खात्यात, काही दिवसांत’. मी मूळ खातं निवडलं. बिल 500 चं, कूपनची सूट 100, कार्डावरून गेले 400. न आलेला पदार्थ 200 चा, पण परतावा मंजूर झाला 160. तुमच्या बाबतीत रक्कम कशी ठरली आणि पैसे कुठे आले, ते इथे लिहा.

रातवा: 200 च मिळायला हवेत. 40 सरळ खाल्ले त्यांनी. सोडू नका.

जमाखर्च: पेमेंटच्या कामात बरीच वर्षं आहे म्हणून सांगते, 160 बरोबर वाटतात. पूर्ण बिलावरचं कूपन सहसा पदार्थांच्या किमतीच्या प्रमाणात वाटलं जातं. 500 वर 100 म्हणजे पाचवा हिस्सा, तेव्हा 200 च्या पदार्थावर 40 ची सूट तुम्हाला आधीच मिळालेली आहे. त्यापेक्षा त्या पदार्थावरचा कर आणि पॅकिंगचे पैसे परत आलेत का ते बघा. तिथे खरंच गफलत होते.

पाऊलवाट: मी तर दारात रोख दिले होते. मला वॉलेटच मिळालं, आणि त्या रकमेला मुदत होती. ती संपली, पैसे गेले. फार चीड आली.

रातवा: वॉलेटला एकदा हो म्हटलं की संपलं, ते पैसे बँकेत येतच नाहीत.

जमाखर्च: बहुतेक ठिकाणी तसंच आहे. पण रक्कम वापरलेली नसेल, तर काही कंपन्या लेखी मागणीवर ती मूळ खात्यात वळवतात. म्हणून आधी त्यातून काही मागवू नका. आणि अर्धे पैसे वॉलेटमधून, अर्धे कार्डावरून भरले असतील, तर वॉलेटचा भाग वॉलेटमध्येच परतणार.

सांजदिवा: माझ्या अ‍ॅपवर ‘परतावा पूर्ण’ दिसतंय, बँकेत काहीच नाही. बँक म्हणते कंपनीला विचारा.

जमाखर्च: कंपनीकडून परताव्याचा ARN, म्हणजे संदर्भ क्रमांक, मागा. कार्डाच्या व्यवहारात तो 23 अंकी असतो, आणि तो दिला की बँकेला शोध घेता येतो. तो देत नसतील, तर परतावा बहुधा पुढे गेलेलाच नाही. आणखी एक शक्यता आहे: मूळ रक्कम तेव्हा नुसती अडवून ठेवलेली असेल, तर वेगळी जमा दिसत नाही, शेवटी कापलेली रक्कमच कमी झालेली दिसते.

सांजदिवा: कापलेली रक्कम पूर्णच आहे. ARN मागितला आहे. नाहीच दिला तर बँकेत चार्जबॅक, म्हणजे कार्डावरून गेलेले पैसे परत मिळवण्याचा दावा, टाकावा का?

जमाखर्च: टाका, पण फक्त न आलेल्या पदार्थापुरता. पूर्ण बिलावर टाकलात तर आलेल्या पदार्थांचा पुरावा दाखवून कंपनी तो हाणून पाडेल. पिशवीचा आणि बिलाचा फोटो, चॅटचे स्क्रीनशॉट जोडा.

पाऊलवाट: चार्जबॅक टाकल्यावर माझ्या ओळखीतल्या एकाचं अ‍ॅपवरचं खातंच बंद झालं. असं आणखी कोणाचं झालंय का?