चेक बाउन्सचा दंड लोनच्या खर्चात धरायचा की नाही?

सचिन (धागाकर्ता): बाइकसाठी 80 हजारांचं लोन घेतलं, 18 टक्के, 24 महिने, हप्ता 3,994. पुढच्या तारखांचे चेक आधीच घेऊन ठेवलेत कंपनीने, सगळे 5 तारखेचे. डेअरीचं बिल 10 च्या पुढे जमा होतं म्हणून आत्तापर्यंत 6 वेळा बाउन्स. दरवेळी कंपनी 500 आणि माझी बँक 350 कापते. एजंट म्हणतो व्याज 18 च आहे, बाउन्स वेगळा विषय. मला तर हे छुपं व्याजच वाटतं. तुमचं मत?

वैशाली के.: छुपं कसलं, सही केलेल्या कागदावर दंड लिहिलेला असतो. खात्यात पैसे नसताना चेक गेला तर चूक कोणाची? मी फायनान्स कंपनीत वसुलीचं काम बघायचे. चेक परत आला की आमचीही बँक आम्हाला चार्ज लावायची, वर पोरगं गाडी काढून गावात जायचं, ते पेट्रोल कोण देणार? वेळेवर भरणाऱ्यांनी का सोसायचं?

मिलिंद काका: वैशालीताई, दंड घ्या, पण किती ते बघा ना. 3,994 चा हप्ता आठवडाभर उशिरा आला तर 18 टक्क्यांनी त्याचं व्याज होतं साधारण 14 रुपये आणि सचिनच्या खिशातून जातात 850. तुमचं पेट्रोल धरलं तरी एवढं होत नाही, शिवाय त्यातले 350 तर त्याच्या बँकेचे, तिचं कोणी गावात येत नाही.

आता पूर्ण मुदतीचा हिशोब. 24 हप्ते मिळून जातात साधारण 95,850, म्हणजे व्याज 15,850 च्या आसपास. सहा बाउन्सचे 5,100 त्यात टाकले तर व्याजाचा एक तृतीयांश वरून गेला. हेच पैसे हप्त्यांत सारखे वाटून बघितले तर 18 चा दर 23 च्या वर जातो. घराच्या 40 हजारांच्या हप्त्यावर हाच 850 कुणाला जाणवत नाही, लहान कर्जवाल्याचं मात्र कंबरडं मोडतं. म्हणून माझ्या मते खर्चात धरायचाच.

प्रवीण: अहो पण रिझर्व्ह बँकेने हे सगळं बंद केलंय ना? 2024 पासून दंडाचं व्याज घेताच येत नाही.

मिलिंद काका: अर्धं बरोबर प्रवीण. ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकाने दंड व्याजदरात मिसळणं बंद केलं, दंडावर पुढे व्याज चढवायचं नाही असंही सांगितलं. पण ठरावीक दंड घेऊच नका असं कुठे म्हटलंय? तो वाजवी असावा म्हणतात आणि वाजवी म्हणजे किती यावर आकडा नाही, तिथेच घोडं अडतं. हां, बाउन्सच्या 500 वर जीएसटी लावला असेल तर मात्र भांडा, ऑगस्ट 2022 मध्ये सीबीआयसीने स्पष्ट केलंय की चेक परत गेल्याचा दंड हा सेवेचा मोबदला नाही.

राणी_पंढरपूर: माझ्या दिराचे दोन चेक परत गेलेत, चेक बाउन्सच्या कलम 138 खाली आत टाकतात का हो? घरात सगळे घाबरलेत.

वैशाली के.: राणीताई, लगेच कोणी आत टाकत नाही. आधी लेखी नोटीस येते, ती मिळाल्यापासून 15 दिवसांत चेकची रक्कम भरली तर 138 ची केसच उभी राहत नाही. नोटीस आली तर ती परत पाठवू नका, घ्या आणि भरा. पण इथला विषय वेगळा आहे.

सचिन: काका, सहातले दोन बाउन्स एकाच महिन्यातले आहेत. 5 ला परत गेला आणि तोच चेक 8 ला पुन्हा लावला, बिल यायच्या आधीच.

मिलिंद काका: मग आता खात्याचा उतारा मागव, आणि बघ की रोख भरलेल्या 3,994 मधून त्यांनी आधी 500 दंडात वळते केलेत का. तसं केलं असेल तर हप्ता 500 ने अपुरा दिसतो, तू भरूनही खातं थकीत राहतं आणि तो अपुरेपणा पुढच्या महिन्यात सरकतो, शेवटी एनओसी अडते. भरताना पावतीवर हप्ता किती, दंड किती हे वेगळं लिहून घे.

वैशाली के.: हे मान्य, असं व्हायचं. आणि तीन दिवसांत पुन्हा चेक लावणं याला मीही वसुली म्हणणार नाही. पण सचिन, तारीख बदलून मागितलीस का कधी? लेखी अर्ज दिला की आम्ही जुने चेक परत देऊन 15 तारखेचे घ्यायचो. तू मागितलंच नसशील तर सगळा दोष कंपनीवर टाकणं मला पटत नाही.

सचिन: तोंडी मागितलं होतं ताई, शाखेत म्हणाले सिस्टीममध्ये होत नाही.

वैशाली के.: सिस्टीममध्ये होतं. लेखी दे आणि पोच घे.

प्रवीण: तरी काका, 23 टक्के म्हणणं मला जास्तच वाटतंय, दंड टाळता येतो, व्याज टाळता येत नाही.

मिलिंद काका: ज्याचं बिल 10 ला येतं आणि चेक 5 चा आहे, त्याला तो टाळता येत नाही प्रवीण. बाकी तुझं म्हणणं तुझ्यापाशी.