मांजर रोज गाडीत जाऊन झोपतंय, काय करू? लवकर सांगा

सातपूरकर: थंडी पडल्यापासून आमचं मांजर रात्री गाडीत जाऊन झोपतंय. आज सकाळी थोडक्यात वाचलं. मला साडेपाचला निघावं लागतं, रोज शोधत बसायला वेळ नाही. गाडीत शिरू नये म्हणून काही उपाय?

नीलाक्षी_७: काचा पूर्ण लावत जा. आणि सीटवर जाड कव्हर घाला, नाहीतर केस निघता निघत नाहीत. आमच्या बोक्याने पूर्ण मागची सीट ओरबाडली होती.

सातपूरकर: अहो सीटवर नाही, इंजिनात! बॉनेटखाली!!

गॅरेजवाला: मग तसं लिहा की. ते खालून येतं. टायरवर चढतं, तिथून आत इंजिनाच्या खालच्या पत्र्यावर. वरून बॉनेट बंद असून काही उपयोग नाही. सेल्फ मारला की पट्टा फिरतो, त्यात पाय नाहीतर शेपूट जाते. माझ्याकडे अशा दोन गाड्या आल्यात, पुढचं सांगत नाही. निघताना बॉनेटवर दोन थापा मारा, हॉर्न द्या, पळतं.

भाऊसाहेब_निफाड: डांबरगोळ्या फडक्यात बांधून इंजिनापाशी ठेवा. वासाने जवळ येत नाही. किंवा लाल पाण्याची बाटली ठेवा, आमच्या गल्लीत सगळे ठेवतात.

मंजिरी_पशुवैद्य: डांबरगोळ्या अजिबात नकोत. त्या मांजराला विषारी आहेत. गोळी खाल्ली नाही तरी अंगाला लागलेलं ते चाटून काढतं. बाटलीबद्दल मी काय बोलणार!
सातपूरकर, मांजराचं वय किती? ऐकू येतं का? आधी कुठे झोपायचं? आज नेमकं काय झालं?

सातपूरकर: वय चौदा. नाव मनी. आज हॉर्न दिला, थापा मारल्या, काही हालचाल नाही. शंका आली म्हणून बॉनेट उघडलं तर बॅटरीच्या बाजूला गोळा होऊन झोपलेली. हात लावल्यावर जागी झाली. आधी फ्रिजवर झोपायची, हल्ली जात नाही. गॅलरीत गादी घातलीय, तिथे बसत नाही.

भाऊसाहेब_निफाड: हल्ली मांजरांचे लाड फार झालेत. आमच्याकडे चुलीच्या राखेत झोपायची, शंभर वर्षं जगायची.

मंजिरी_पशुवैद्य: तिला बहुधा ऐकू कमी येतं. म्हणून थापांवर विसंबू नका. जिला ऐकू येतं तीसुद्धा कधी कधी घाबरून आणखी आत सरकते. बॉनेट उघडून टॉर्चने बघायचं, एवढंच खरं. आणि रात्री गाडी लावल्यावर लगेच हात घालू नका, काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होतो.
पण ती तिथे का जाते, हे बघा. सांधे आखडल्यामुळे फ्रिजवर उडी जमत नसेल, गॅलरीतली फरशी खालून गारठा देते. पुठ्ठ्याचा खोका घ्या, आत फिरून बसता येईल एवढाच. मोठा झाला तर ऊब टिकत नाही. खाली थर्मोकोल किंवा दुहेरी पोतं. दाराचा उंबरा चार बोटांहून उंच नको, नाहीतर तिला पाय उचलावा लागेल. जुन्या स्वेटरची गादी, आणि एका बाजूला गिझरच्या पाण्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून. उकळतं पाणी नको. दुसरी बाजू मोकळी ठेवा, नको वाटलं तर सरकेल. आणि खोका गॅलरीत नाही, घरात. मातीचा ट्रे जवळ हवा.

नीलाक्षी_७: विजेचं गरम पॅड सोपं नाही का?

मंजिरी_पशुवैद्य: म्हाताऱ्या मांजराला ते जास्त तापतंय हे उशिरा कळतं, कातडी भाजते. मी टाळते. सातपूरकर, वजन?

सातपूरकर: वजन माहीत नाही.

मंजिरी_पशुवैद्य: तिला घेऊन काट्यावर उभे राहा, मग एकटे, वजाबाकी करा. मागच्या लसीच्या कार्डावर जुनं वजन असेल.

सातपूरकर: ३.३ किलो. कार्डावर ४.१ आहे, दीड वर्षापूर्वीचं. खाते तर भरपूर. पाणीही जास्त पिते असं बायको म्हणते.

मंजिरी_पशुवैद्य: भरपूर खाऊन आठशे ग्रॅम कमी होणं थंडीचं नाही. थायरॉइड, मूत्रपिंड, साखर, तिन्हीची तपासणी करून घ्या, रक्त आणि लघवी. अंगावर मांस कमी झालं की थंडीही जास्त लागते, म्हणून ऊब शोधत फिरते. या आठवड्यातच जा.

गॅरेजवाला: डॉक्टर, माझ्या थापा अगदी फुकट नाहीत हं. भटक्या मांजरांना चालतं.

मंजिरी_पशुवैद्य: चालतं. थापा मारा, मग बॉनेट उघडा.

सातपूरकर: शनिवारची वेळ घेतली. खोका सोफ्यामागे ठेवला. काल रात्री बाटलीच्या बाजूला नाही, मोकळ्या बाजूला झोपली, पण आत झोपली. रात्री स्वयंपाकघराची खिडकी बंद केली तर तासभर दाराशी ओरडली. आणि शेजाऱ्यांची गाडी आमच्या दारासमोरच असते, त्यांना रोज बॉनेट उघडा म्हणून कसं सांगू?

भाऊसाहेब_निफाड: लाल बाटली त्यांच्या गाडीपाशी ठेवा.