चर्चा: जर्मनमधला शेवटचा 'द' आणि ऑप्टिमॅलिटी थिअरीचा तक्ता

कोरा_कागद: जर्मनमध्ये 'चाक' या अर्थाचा शब्द एकटा असला की 'रात' ऐकू येतो, पण षष्ठीत 'रादेस' होतो. 'शब्दाच्या शेवटी घोष व्यंजन अघोष होतं' एवढा एक नियम पुरत असताना तक्ता कशाला मांडायचा?

व्यंजनसंधी: आधी मूळ रूप ठरवू. 'सल्ला' या अर्थाचा शब्दही 'रात'च, पण त्याची षष्ठी 'रातेस'. म्हणून चाकाचं मूळ रूप 'राद' धरावंच लागतं. ऑप्टिमॅलिटी थिअरीत अनेक रूपं स्पर्धेत असतात आणि वरच्या क्रमाचे निर्बंध पाळणारं रूप जिंकतं. आता चार निर्बंध घ्या, वरचे आधी: मॅक्स (ध्वनी गाळू नका), डेप (नवा घालू नका), घोषान्त (शब्दावयवाच्या शेवटी घोष व्यंजन नको) आणि आयडेंट (घोषत्व बदलू नका).

```
/राद/    मॅक्स  डेप  घोषान्त  आयडेंट
  राद                 *!
☞ रात                          *
  रा      *!
  रादे           *!
```

तारा म्हणजे निर्बंध मोडला, उद्गारचिन्ह म्हणजे रूप तिथेच बाद, बोट म्हणजे विजेता. 'रादेस'मध्ये 'द' पुढच्या स्वराबरोबर जातो. घोषान्त मोडतच नाही, म्हणून आयडेंट 'द' टिकवतो.

तळटीप: घोषान्त आयडेंटच्या वर ठेवला की काम झालं. मॅक्स आणि डेप उगाच.

व्यंजनसंधी: ते काढून पाहा. 'रा' आणि 'रादे' उरलेल्या दोन निर्बंधांपैकी एकही मोडत नाहीत, 'रात' मात्र आयडेंट मोडतो. मग 'रात' जिंकणारच नाही. घोषान्त वर असण्याबाबत तुम्ही बरोबर आहात, पण तेवढ्याने फक्त 'राद' बाद होतो.

जर्मन_शिकवणी: माझ्या वर्गातले मराठी विद्यार्थी हटकून 'राद' म्हणतात. त्यांना हा तक्ता दाखवू का?

व्यंजनसंधी: त्यांच्या मराठीत आयडेंट घोषान्ताच्या वर आहे, म्हणून 'वाद' आणि 'वात' वेगळे राहतात. तीच क्रमवारी ते जर्मनला लावत असावेत.

जर्मन_शिकवणी: पण लिहिताना शेवटी d च असतो. वाचून बोलत असतील तर?

व्यंजनसंधी: तेही शक्य आहे. न वाचता, फक्त ऐकवून म्हणायला लावल्याशिवाय दोन्ही कारणं वेगळी काढता येणार नाहीत.

कोरा_कागद: म्हणजे क्रम बदलला की भाषा बदलते. मग मॅक्स तळाला नेला तर 'रा' जिंकेल, डेप नेला तर 'रादे'. फक्त शेवटचं घोष व्यंजन गाळणारी, किंवा त्याच्यापुढे स्वर जोडून ते वाचवणारी भाषा दाखवा. माझा नियम निदान अशा भाषा भाकीत करत नाही.

व्यंजनसंधी: हा आक्षेप खरा आहे. भाषाशास्त्रज्ञ स्टेरिअ‍ॅड यांचं उत्तर असं की कानाला 'द'च्या सर्वांत जवळ 'त' असतो, म्हणून आयडेंट मॅक्स-डेपच्या खालीच बांधलेला असतो. मला ते पटतं. आणि नियमाने तरी काय अडतं? 'शेवटचं घोष व्यंजन गाळा' हा नियमही तितकाच सोपा लिहिता येतो.

कोरा_कागद: तसं असेल तर बांधणी कानाने केली, क्रमवारीने नाही. शिवाय पोर्ट आणि ओडेल या संशोधकांनी 1985 मध्ये जर्मन उच्चार मोजले, तेव्हा मूळ 'द' असलेल्या शब्दांतला स्वर किंचित लांब निघाला. तुमच्या तक्त्यातून तर दोन्ही 'रात' हुबेहूब सारखेच बाहेर पडतात.

व्यंजनसंधी: माझ्या तक्त्यातून पडतात तसे तुमच्या नियमातूनही सारखेच पडतात. तो फरक व्याकरणाचा की लिखित रूप डोळ्यासमोर असल्याचा, यावर अजून वाद आहे.