‘की टेकअवेज’च्या चौकटीला मराठीत काय म्हणाल?

उंबरठा: घरच्या सोयाबीन बियाण्यावरचा एक लांबलचक इंग्रजी लेख शेतकी मासिकासाठी मराठीत आणतेय. सुरुवातीलाच ‘की टेकअवेज’ची चौकट आहे. मी ‘सारांश’ लिहिलं, संपादकांनी खोडून ‘ठळक मुद्दे’ केलं. मला दोन्ही पटेना. चौकटीतल्या ओळी अशा: ‘या लेखात उगवण चाचणीची पद्धत दिली आहे. घरचे बियाणे वापरल्यास खर्च वाचतो. एकरी ३० किलो बियाणे पुरते.’

जुनी पाटी: सारांशच बरोबर. शाळेत सारांशलेखनाला उताऱ्याचा एक तृतीयांश करायला सांगायचे. बारा पानांचा लेख असेल तर चार पानं व्हायला हवीत. तीन ओळींत सारांश कसा होईल?

उंबरठा: चार पानांची चौकट कुठे छापू, काका?

कोरडवाहू: ‘गोषवारा’ म्हणा की! अस्सल मराठी शब्द आहे. आमच्या आजोबांच्या वहीत वर्षअखेरीला खर्चाचा गोषवारा असायचा.

शाईदौत: शब्द सुंदर आहे, पण मूळ फारसी. ‘गोश’ म्हणजे कान, आणि गोशवारा म्हणजे कानातलं डूलसुद्धा. तुमच्या आजोबांच्या वहीत तो बरोबर जागी होता. गोषवारा म्हणजे तपशिलांच्या बेरजा एकत्र मांडणं, त्यात सगळी खाती यायला हवीत. या चौकटीत सगळं यायचंच नसतं.

कोरडवाहू: फारसी असला म्हणून काय झालं? ‘दौत’ तरी कुठून आली? तीनशे वर्षं तोंडात रुळलेला शब्द आपलाच.

शाईदौत: दौतीचं मान्य. आपलेपणाबद्दल माझं भांडणच नाही, अर्थाबद्दल आहे. उंबरठा, तुमच्या तीन ओळी तीन जातीच्या आहेत. पहिली अनुक्रमणिकेत शोभेल, ती वाचून हाताला काहीच लागत नाही. दुसरी वाचकाला आधीच ठाऊक आहे. तिसरी कामाची आहे, पण धोक्याची. ३० किलो कोणत्या उगवणीला?

उंबरठा: लेखात सातव्या पानावर आहे. गोणपाटावर १०० दाणे, दहा-दहाच्या ओळीत ठेवायचे, गुंडाळी करून ओली ठेवायची आणि सहा-सात दिवसांनी मोड मोजायचे. ७० किंवा जास्त उगवले तर एकरी ३० किलो.

शाईदौत: आणि ६० उगवले तर? ७० ला ३०, तर ६० ला ३५ किलो. तुमची चौकट वाचून त्यानेही ३०च पेरलं, तर रोपं मिळतील जेमतेम २६ किलोंची. म्हणून आकडा चौकटीत न्यायचा तर त्याची अटही सोबत न्यावी. मी असं लिहीन: ‘पेरणीआधी १०० दाणे उगवून पाहा. ७० किंवा जास्त उगवले तर एकरी ३० किलो. ७० च्या खाली दर एका दाण्यामागे अर्धा किलो वाढवा.’ मग लेख हाताने झाकून बघा. एवढ्यावर शेतकरी दुकानात न जाता निर्णय घेऊ शकतो का? घेता आला तर चौकट जमली.

वैनगंगा: अर्धा किलोचा हिशेब खूप खाली ताणू नका मात्र. चाळीसच उगवले तर बियाणंच बदलावं, हेही एका ओळीत हवं. आमच्याकडे एकदा पोत्यावर पोती रचून ठेवली होती, खालच्या थरातलं निम्मंही उगवलं नाही. नमुना सगळ्या पोत्यांतून घ्या असं लेखात होतं, पण आम्ही चौकटच वाचली होती. सोयाबीनचं टरफल नाजूक, आपटलं की गेलं.

जुनी पाटी: मग ‘तात्पर्य’ म्हणा. इसापनीतीत शेवटी यायचं.

शाईदौत: तात्पर्य गोष्ट ऐकल्यावर कळतं. वर लिहिलं तर गोष्टीचं काय उरलं? पण एक खरं, ही चौकट वर छापली तरी लिहावी सगळ्यात शेवटी. लेख पूर्ण झाल्याशिवाय काय उरतं ते लिहिणाऱ्यालाही कळत नाही. लेखात आकडा बदलला की चौकटीतलाही बदलायचा. हे हमखास राहून जातं.

उंबरठा: ‘लक्षात ठेवा’ कसं वाटतं? आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरा, ही ओळ घेऊ का? लेखात ओझरती आली आहे.

शाईदौत: लेख बियाण्याचा आहे, पेरणीच्या वेळेचा नाही. नको. एक ओळ घेतली की खोली, खत, बीजप्रक्रिया, सगळं मागे लागतं.

वैनगंगा: मी घेईन. चाचणीत ८० उगवलेलं बियाणंही पहिल्या सरीवर पेरलं आणि उघडीप झाली, तर मातीतच मरतं. चौकट वाचून पेरणाऱ्याला तेवढंच सांगायचं राहिलं तर बाकीचं कशाला सांगितलं?

कोरडवाहू: ‘लक्षात ठेवा’ म्हणजे मास्तर बोलतोय असं वाटतं. ‘शिदोरी’ म्हणा, सोबत न्यायची असते.

वैनगंगा: शिदोरी वाटेत संपते.

उंबरठा: अट घालून ओळी बदलल्या, चाळीसची ओळही घेतली. पहिली काढून टाकली. पावसाचं संपादकांना विचारते. शीर्षकाची जागा अजून रिकामी आहे, छपाई सोमवारी.