आरंभबिंदूभोवती फिरणं: परिवलन की परिभ्रमण?

मृदुला
संगणकावर आकृत्या काढायला शिकणाऱ्या मुलांसाठी मराठीत टिपण लिहिते आहे. प्रतलातला बिंदू θ कोनातून फिरवायची ही नेहमीची मॅट्रिक्स:

```
[x']   [cosθ  -sinθ] [x]
[y'] = [sinθ   cosθ] [y]
```

या क्रियेला नाव काय द्यावं? भूगोलात पृथ्वी स्वतःभोवती फिरते ते परिवलन, सूर्याभोवती फिरते ते परिभ्रमण. हिंदी पुस्तकांत 'घूर्णन' दिसतं, पण तो शब्द मला वाक्यात परकाच वाटतो.

कोडकर
परिवलन. रोटेशनला परिवलन आणि रिव्होल्यूशनला परिभ्रमण, हे शाळेतच ठरलंय. इंग्रजीत या मॅट्रिक्सला रोटेशन म्हणतात, म्हणजे प्रश्न मिटला.

जुने मास्तर
इतक्यात मिटत नाही. एकेका बिंदूकडे पाहा. बिंदूला ना लांबी ना रुंदी, तो स्वतःभोवती काय फिरणार? तो आरंभबिंदूभोवती वर्तुळावरून सरकतो. शाळेच्या भाषेत हे परिभ्रमण झालं.

आता एक चौरस घ्या. कोपरे (3,−1), (5,−1), (5,1), (3,1), मध्य (4,0). 90 अंशाला cos शून्य आणि sin एक, म्हणून (x, y) चा (−y, x) होतो. नवे कोपरे (1,3), (1,5), (−1,5), (−1,3) आणि मध्य (0,4). चौरस जागा सोडून वर गेला. आणखी एक गोष्ट पाहा. आधी आरंभबिंदूकडे तोंड करून असलेली बाजू x = 3 या रेषेवर होती. ती आता y = 3 वर आहे आणि अजूनही आरंभबिंदूकडेच तोंड करून आहे. म्हणजे जागा बदलताना चौरस स्वतःही 90 अंश वळला.

चंद्राचं हेच होतं. पृथ्वीभोवती एक फेरी सुमारे 27.3 दिवसांची, स्वतःभोवतीही तेवढ्याच दिवसांची, म्हणून आपल्याला त्याची एकच बाजू दिसते. एकाच मॅट्रिक्समध्ये तुमचे दोन्ही शब्द आहेत, मृदुलाताई.

पाटीवाला
माझं पाट्यांची अक्षरं कापायचं दुकान आहे. अक्षर 45 अंश तिरकं करायला सांगितलं तर ते पत्र्याच्या बाहेर जाऊन पडतं. मशीनची मोटर खराब असेल का? मेकॅनिकने पट्टा बदलला, तरी तेच.

कोडकर
दादा, मोटर ठीक असावी. अक्षर तिरकं होतंय ना बरोबर? मग मास्तरांचा चौरसच तुमच्याकडे चाललाय. मशीन पत्र्याच्या कोपऱ्याला आरंभबिंदू धरतं आणि तुमचं अक्षर असतं लांब. अक्षराचा मध्य (a, b) असेल तर आधी प्रत्येक बिंदूतून तो वजा करायचा, मग फिरवायचं, मग परत मिळवायचा:

```
x' = a + (x-a)*cosθ - (y-b)*sinθ
y' = b + (x-a)*sinθ + (y-b)*cosθ
```

सॉफ्टवेअरमध्ये फिरवण्याचं केंद्र निवडायची सोय असेल तर तिथे अक्षराचा मध्य द्या. आणि मास्तर, माझं वरचं उत्तर मागे घेतो. नुसतं परिवलन हवं असेल तर ही वजाबाकी लागतेच.

पाटीवाला
केंद्र कोपऱ्यावरच होतं. आता अक्षर जागेवर राहतंय. पट्ट्याचे पैसे मात्र गेले.

मृदुला
मग मी क्रियापदच ठेवते: 'आरंभबिंदूभोवती फिरवणे' आणि 'स्वतःच्या मध्याभोवती फिरवणे'. कशाभोवती, ते वाक्यातच येतं. नाम लागेल तिथे 'प्रतलाचं परिवलन' लिहिते, कारण सगळं प्रतल आरंभबिंदू खिळ्यासारखा धरून फिरतं.

आता दिशा. 'घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने' दर ओळीत लिहून हात दुखतो. 'अपसव्य' चालेल?

जुने मास्तर
जपून. मराठीत आपण सव्य म्हणजे उजवं धरतो, पण संस्कृतात सव्य म्हणजे मुख्यतः डावं. अर्जुन सव्यसाची, कारण त्याला डाव्या हातानेही बाण मारता येई. वाचणारा संस्कृत शिकलेला असेल तर उलटंच समजेल.

कोडकर
शिवाय पडद्यावर y बहुधा खाली वाढतो. θ = 90 ला (4,0) चा (0,4) झाला, तो कागदावर वर जातो आणि पडद्यावर खाली. मॅट्रिक्स तीच, पण डोळ्यांना काट्यांच्याच दिशेने फिरलेलं दिसतं. मुलं इथे हटकून sin ची चिन्हं बदलत बसतात.

मृदुला
मग 'x अक्षाकडून y अक्षाकडे' म्हटलं तर? कागद असो की पडदा, ते खरं ठरतं.

जुने मास्तर
अर्थाला चोख आहे. पण प्रदक्षिणेसारखा एका शब्दात बसणारा उलट्या फेरीचा शब्द मला हवाच आहे. कोकणात किंवा देशावर कुणाच्या बोलीत असेल तर इथे लिहा.