बोअरच्या मोटारीचं हरवलेलं बिल

सोसायटीचा ग्रुप, लातूर. एप्रिलचा तिसरा आठवडा.

सचिव: नमस्कार. मार्चमध्ये बोअरची मोटार जळाली होती, ती वाइंडिंग करून बसवली. दुकानदाराचे बाकी पैसे द्यायचेत. ते रोज फोन करायलेत. पण त्यांचं मूळ बिल ऑफिसच्या फाईलीत नाही आणि कपाटातही नाही. कुणाच्या हाती दिलं गेलं असेल तर कृपया कळवा.

बी-१०४ काका: मोटार आली त्या दिवशी मी खाली होतो. पोरगा बिल घेऊन आला होता, ते वॉचमनच्या टेबलावर ठेवलेलं मी पाहिलं. पुढचं माहीत नाही. पण काम तर झालंय ना? टाकी भरायलीय. बिचाऱ्याचे पैसे कामून अडवायचे? देऊन टाका की.

सी-२०१ भाऊ: काकांचं बरोबर आहे. उन्हाळ्यात त्यानं तीन दिवसांत मोटार काढून, बांधून परत बसवली. दुसरा कुणी आला नसता.

खजिनदार ताई (ए-३०२): काका, भाऊ, पैसे द्यायचेच आहेत आणि लवकर द्यायचेत. पण बिलाशिवाय चेक काढला तर व्हाउचरला जोडायला काहीच राहत नाही. ऑडिटर विचारणार की ४५ हजारांचा खर्च कशाचा, त्यात मजुरी किती, कर किती. तेव्हा आपल्याकडे फक्त तोंडी उत्तर असेल. बिलाची प्रत मागवायला एक दिवस लागतो. फक्त मागायची कशी, ते नीट बघू.

सचिव: ताई, मी त्यांना बोललो होतो. ते म्हणाले, "काही टेन्शन घेऊ नका सर, आत्ता नवीन बिल फाडून देतो." हे बघा, पाठवलंय पण. आजची तारीख, बिल नंबर १९.

खजिनदार ताई: सर, हे बिल घेऊ नका, परत पाठवा. चांगल्या मनानं दिलंय, पण आपण अडकू आणि तेही अडकतील.

सी-२०१ भाऊ: रक्कम तर तीच आहे, ताई. ४५,३१२.

खजिनदार ताई: रक्कम तीच आहे, पण बिल वेगळं आहे, भाऊ. काम मार्चमध्ये झालं. तो खर्च ३१ मार्चला संपलेल्या वर्षाचा. नवीन बिल एप्रिलचं, म्हणजे नव्या वर्षाचं. मग मार्चच्या हिशोबात खर्च नाही, गेट रजिस्टरमध्ये मात्र मोटार ९ मार्चला गेली आणि १२ मार्चला आली अशी नोंद. दोन्ही जुळणार नाहीत.

आणि दुकानदाराकडे काय होतं बघा. मार्चचं बिल त्यांच्या टॅलीत आहे, त्या महिन्याच्या विक्रीत धरून त्यांनी जीएसटीचं रिटर्नही भरलं असणार. आता त्याच कामाचं दुसरं बिल निघालं की त्यांची विक्री दोनदा दिसणार आणि ६,९१२ रुपयांचा कर दोनदा अंगावर येणार. ते टाळायला एक बिल रद्द करावं लागेल किंवा क्रेडिट नोट काढावी लागेल. एक कागद हरवला म्हणून तीन नवे कागद.

उद्या जुनं बिल कुठल्या तरी फाईलीत सापडलं तर? वेगळा नंबर, वेगळी तारीख. पुढच्या कमिटीला ते दोन वेगवेगळ्या कामांचं वाटेल आणि कुणीतरी प्रामाणिकपणे दुसऱ्यांदा चेक काढेल. नंबर एकच असेल तर रजिस्टर बघताच कळतं की हे भागवलेलं आहे.

बी-१०४ काका: आता समजलं बाई. म्हणजे त्याच बिलाची नक्कल पाहिजे.

खजिनदार ताई: हो काका. तोच नंबर, तीच तारीख, तोच मजकूर. वर "डुप्लिकेट प्रत" असं लिहिलेलं आणि दुकानाचा शिक्का-सही. टॅलीत जुनं व्हाउचर उघडून पुन्हा प्रिंट काढली की झालं. बिलबुकवाल्या छोट्या दुकानदाराकडे कार्बनची प्रत असते, तिची झेरॉक्स काढून "खरी प्रत" म्हणून सही केली तरी चालते.

सचिव: पण ताई, बिल नंबरच आपल्याला माहीत नाही. मागताना काय सांगू?

खजिनदार ताई: नंबर नसला तरी हरकत नाही, बाकी खुणा द्या. त्यांच्याकडे सोसायटीच्या नावाचं खातं असेल, त्यात मार्च उघडला की सापडेल. मी मजकूर लिहिते, तुम्ही सोसायटीच्या मेलवरून पाठवा आणि व्हॉट्सॲपवरही टाका. फोनवर सांगितलेलं नंतर दाखवता येत नाही.

"मा. मालक, नमस्कार. आमच्या सोसायटीच्या बोअरची मोटार आपण ९ मार्चला नेऊन १२ मार्चला वाइंडिंग व नवीन केबलसह बसवून दिली. त्या कामाचे मूळ बिल आमच्याकडे गहाळ झाले आहे. एकूण रक्कम रु. ४५,३१२ असल्याची आमची नोंद आहे. या बिलापोटी रु. १५,००० आगाऊ दिले आहेत, त्याशिवाय एकही रक्कम दिलेली नाही. कृपया त्याच नंबरच्या व त्याच तारखेच्या बिलाची डुप्लिकेट प्रत शिक्का-सहीसह द्यावी. नवीन बिल काढू नये. आज पाठवलेले बिल नंबर १९ रद्द करावे. सोबत १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षाचा आमच्या खात्याचा उतारा द्यावा. प्रत मिळाल्यावर दोन दिवसांत बाकी रकमेचा चेक देऊ. मूळ बिल पुढे सापडले तरी त्यावर वेगळे पैसे निघणार नाहीत याची नोंद आम्ही ठेवत आहोत."

बी-४०२ वहिनी: ताई, आगाऊ दिल्याचं कशाला लिहायचं? त्यांना माहीतच आहे की.

खजिनदार ताई: वहिनी, त्यांना माहीत आहे, पण वहीत कुठे लिहिलंय ते आपल्याला माहीत नाही. आगाऊ रक्कम बऱ्याचदा बिलाशी जोडलेलीच नसते, नुसती जमा पडून राहते. म्हणून तर उतारा मागितला. बिल एका कामाचं सांगतं, उतारा वर्षभराचं देणं-घेणं सांगतो.

सचिव: पाठवलं. मालक म्हणाले, संध्याकाळपर्यंत देतो. नवीन बिल रद्द करायला तेच खूश झाले, म्हणाले, "बरं झालं सांगितलंत, मुनीमनं घाईत काढलं होतं."

(संध्याकाळी)

सचिव: आलं. बिल नंबर ४१२, तारीख १२ मार्च. वर डुप्लिकेट लिहिलंय, शिक्का-सही आहे. उताराही आलाय. पण ताई, उताऱ्यात बाकी ३७,५१२ दाखवायलेत. आपल्या हिशोबानं ३०,३१२ पाहिजे.

सी-२०१ भाऊ: बघा, म्हणजे सात हजार जास्तीचे लावले!

खजिनदार ताई: भाऊ, थांबा. फरक बरोबर ७,२०० चा आहे. एवढा नेमका फरक असला की बहुतेक एखादं आख्खं बिल किंवा आख्खा चेक असतो, लबाडी नसते. उतारा ओळीनं वाचूया.

आगाऊ १५,००० जमा दिसतात, ते ठीक. नोव्हेंबरमध्ये ७,२०० चं एक बिल आहे, बेअरिंग आणि सील बदलल्याचं. ते आपण डिसेंबरमध्ये चेकनं दिलंय, आपल्या बँक पासबुकात वटल्याची तारीख आहे. त्यांच्या उताऱ्यात तो चेक कुठेच नाही. म्हणजे त्यांना पैसे मिळालेत, फक्त आपल्या नावावर जमा केलेले नाहीत. सर, चेक नंबर आणि वटल्याची तारीख त्यांना कळवा.

सचिव: कळवलं. मुनीमनं शोधलं. आपल्या नावासारखंच नाव असलेल्या दुसऱ्या अपार्टमेंटच्या खात्यात तो चेक जमा केला होता. दुरुस्त करून नवीन उतारा पाठवलाय. बाकी ३०,३१२.

बी-१०४ काका: हे बिल हरवलं नसतं तर ते ७,२०० तसेच राहिले असते.

खजिनदार ताई: हो काका, आणि दोन वर्षांनी कुणीतरी मागितले असते. तेव्हा चेक शोधायला किती त्रास झाला असता.

आता चेक किती रुपयांचा काढायचा ते सांगते, कारण तो ३०,३१२ चा नाही. बिलात काम आणि साहित्य मिळून ३८,४०० आहेत, त्यावर १८ टक्के जीएसटी ६,९१२. एक बिल ३० हजारांच्या वर गेलं की अशा कामाच्या पैशातून सोसायटीला टीडीएस कापावा लागतो. दुकान मालकाच्या स्वतःच्या नावावर आहे, कंपनी किंवा भागीदारी नाही, म्हणून १ टक्का. जीएसटी वेगळा दाखवलेला असल्यानं तो ३८,४०० वरच, म्हणजे ३८४ रुपये. चेक २९,९२८ चा.

बी-४०२ वहिनी: मालक विचारतील ना, ३८४ कमी का म्हणून?

खजिनदार ताई: विचारतील. सर, चेकसोबत एक चिठ्ठी द्या: बिल ४१२, रु. ४५,३१२, वजा आगाऊ १५,०००, वजा टीडीएस ३८४, चेक २९,९२८. ते ३८४ त्यांच्या पॅनवर जमा दिसतील, रिटर्न भरताना वळते होतील. बिलावर पॅन नाही, जीएसटी नंबर आहे. त्यातले तिसऱ्यापासून दहा अक्षर-अंक म्हणजे पॅनच, तरी मालकाकडून लेखी मागून घ्या. पॅन चुकला तर २० टक्के कापायची वेळ येते. आणि खर्च मार्चचा असल्यानं हा टीडीएस ३० एप्रिलच्या आत भरायचाय. म्हणून मी घाई करायलेय.

सचिव: चेक तयार करतो. व्हाउचरवर काय लिहू?

खजिनदार ताई: "मूळ बिल गहाळ, डुप्लिकेट प्रतीवरून पैसे दिले, बिल ४१२ / १२ मार्च" एवढं लिहा आणि मागणीचा मेल, त्यांचं उत्तर, दुरुस्त उतारा मागे टाचा. रद्द केलेल्या १९ नंबरच्या बिलावर आडवी रेघ मारून तेही जोडा, फेकू नका. येणाऱ्या बिलांच्या रजिस्टरमध्ये ४१२ समोर चेक नंबर आजच चढवा. पुढच्या कमिटी मीटिंगच्या इतिवृत्तात एक ओळ घ्या. मूळ बिल सापडलं तर त्यावर लगेच "भागवले" शिक्का मारून याच व्हाउचरला लावायचं.

सी-२०१ भाऊ: मी वॉचमनला सांगतो, यापुढं बिल आलं की टेबलावर ठेवायचं नाही, आधी फोटो काढून सचिवांना पाठवायचा.

खजिनदार ताई: फार चांगलं होईल, भाऊ. फोटोत बिल नंबर स्पष्ट यायला पाहिजे.

सचिव: चेकवर दुसरी सही अध्यक्षांची लागेल. ते औशाला गेलेत, रात्री नऊपर्यंत येतील. सकाळी दहाला मी स्वतः दुकानावर चेक देऊन पोच घेतो.